7.86 की 7.30? मुलांच्या निकालातले क्रेडिटचे गणित

रायपूरच्या तात्यापारातल्या एखाद्या मराठी घरातले हे दृश्य तुमच्याही घरी घडले असेल. मुलीच्या पहिल्या सत्राचा निकाल मोबाइलवर येतो. बाबा विचारतात, ''टक्के किती?'' ती म्हणते, ''बाबा, आता टक्के नसतात, ग्रेड पॉइंट असतात.'' मग बाबा कागद घेऊन सगळ्या विषयांचे पॉइंट मिळवतात, विषयांच्या संख्येने भागतात आणि उत्तर काढतात, 7.86. पण निकालावर छापलेले असते 7.30. बाबांना वाटते, विद्यापीठाने चूक केली.

चूक विद्यापीठाची नसते. बाबांनी प्रत्येक विषयाला सारखेच वजन दिले, तर विद्यापीठाने क्रेडिटप्रमाणे दिले.

तांदळाच्या हिशेबासारखेच

समजा, तुम्ही बाजारातून 4 किलो साधा तांदूळ 40 रुपये किलोने आणि 1 किलो दुबराज 100 रुपये किलोने आणलात. सरासरी भाव किती पडला? 40 आणि 100 यांच्या मधला 70 रुपये म्हणाल, तर चुकाल. एकूण 260 रुपये दिले, तांदूळ आला 5 किलो, म्हणजे भाव पडला 52 रुपये. साधा तांदूळ जास्त घेतला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली.

निकालात किलोच्या जागी क्रेडिट असते आणि भावाच्या जागी ग्रेड पॉइंट. सत्रभरात साधारण 15 तासांचे वर्ग म्हणजे 1 क्रेडिट, प्रयोगशाळेत मात्र 30 तासांना 1 क्रेडिट. त्यामुळे 4 क्रेडिटचे गणित आणि 2 क्रेडिटचे प्रात्यक्षिक, दोन्हींना सुमारे 60 तास लागतात, पण निकालात गणिताचे वजन दुप्पट असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 10 पॉइंटच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे 4 आणि एफ म्हणजे 0. छत्तीसगडच्या शासकीय विद्यापीठांत 2024-25 पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण आले, तेव्हापासून ही भाषा घराघरांत पोहोचली आहे.

तक्ता असा मांडा

बाबांच्या हातातला निकाल आपण नीट मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

| विषय | क्रेडिट | ग्रेड पॉइंट | गुणाकार |
|---|---|---|---|
| गणित | 4 | 5 | 20 |
| भौतिकशास्त्र | 4 | 6 | 24 |
| रसायनशास्त्र | 4 | 7 | 28 |
| इंग्रजी | 2 | 9 | 18 |
| पर्यावरण | 2 | 9 | 18 |
| प्रात्यक्षिक | 2 | 10 | 20 |
| कौशल्य विषय | 2 | 9 | 18 |
| एकूण | 20 | | 146 |

146 ला 20 ने भागले की 7.30 येते. ही झाली त्या सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए. या मुलीला छोट्या विषयांत छान ग्रेड आहेत आणि मोठ्या विषयांत साधारण. म्हणूनच बाबांची 7.86 फुगलेली निघाली.

सूत्र असे आहे. यातली Σ ही खूण म्हणजे बेरीज, C म्हणजे क्रेडिट, G म्हणजे विषयाचा ग्रेड पॉइंट आणि S म्हणजे सत्राचा एसजीपीए.

```
SGPA = Σ(C × G) / ΣC
CGPA = Σ(C × S) / ΣC
```

मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात क्रेडिट आणि C रकान्यात पॉइंट भरून हे लिहिले की झाले:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

पॉइंटच्या जागी चुकून ग्रेडचे अक्षर भरले, तर स्प्रेडशीट तक्रार न करता त्याला शून्य धरते. उत्तर अचानक खूप कमी आले, तर आधी हाच रकाना तपासा.

सगळ्या सत्रांची सरासरी

आतापर्यंतच्या सर्व सत्रांची मिळून सरासरी म्हणजे सीजीपीए. काही ठिकाणी एसजीपीएला एसपीआय आणि सीजीपीएला सीपीआय म्हणतात, हिशेब तोच.

समजा, दुसऱ्या सत्रात या मुलीने 24 क्रेडिटचे विषय घेतले आणि गुणाकारांची बेरीज आली 161. म्हणजे एसजीपीए 6.71. घरी कुणी 7.30 आणि 6.71 यांची साधी सरासरी काढली, तर ती सातच्या किंचित वर जाते आणि सगळे निश्चिंत होतात. खरा हिशेब असा: 146 आणि 161 मिळून 307, क्रेडिट 20 आणि 24 मिळून 44. 307 भागिले 44 म्हणजे 6.98.

फरक दोन-तीन शतांशांचाच आहे. पण एखाद्या कंपनीने किंवा प्रवेशासाठी किमान 7.00 ची अट घातली असेल, तर तेवढ्यानेच अर्ज बाद होतो. सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे असतील, तर साधी सरासरीही बरोबर येते. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सहा सत्रांत सरासरी 20. त्यामुळे बऱ्याच घरांत ही चूक कधी उघड होत नाही. एखाद्या सत्रात जास्त क्रेडिट घेतले की ती दिसते.

नापास विषय लपवू नका

आता समजा, पहिल्या सत्रात गणितात 5 ऐवजी एफ आला असता. मुले कधी कधी तो विषय वगळून हिशेब सांगतात: 126 भागिले 16, म्हणजे 7.88. ऐकायला छान वाटते! पण एफचा पॉइंट शून्य असला, तरी त्याचे 4 क्रेडिट भागाकारात राहतात. खरे उत्तर 126 भागिले 20, म्हणजे 6.30. मुलाने सांगितलेला आकडा आणि निकालावरचा आकडा यांत एवढे अंतर दिसले, तर रागावण्याआधी भागाकारात किती क्रेडिट धरले ते विचारा.

पुढच्या सत्रात किती हवे?

हेच सूत्र उलटे वापरता येते. तिसरे सत्र 20 क्रेडिटचे असेल, तर एकूण क्रेडिट होतील 64. सीजीपीए 7.00 हवा, तर गुणाकारांची बेरीज 448 हवी. हातात 307 आहेत, म्हणजे 141 कमवायचे. 141 भागिले 20 म्हणजे 7.05. हे तिच्या आवाक्यातले आहे. पण लगेच 7.50 हवा म्हटले, तर 173 लागतील, म्हणजे एसजीपीए 8.65. मागचे क्रेडिट जितके साठतात, तितका सीजीपीए हळू हलतो. म्हणून मुलांपुढे लक्ष्य ठेवण्याआधी हा भागाकार करून पाहा.

कुठे जोर लावायचा, तेही तक्ताच सांगतो. 4 क्रेडिटच्या गणितात एक ग्रेड वाढला, तर एसजीपीए 0.20 ने वाढतो, 2 क्रेडिटच्या इंग्रजीत वाढला, तर 0.10 ने.

आणि टक्के?

आजी-आजोबा टक्केच विचारणार! दहावीला सीबीएसईचा सीजीपीए होता, तेव्हा 9.5 ने गुणत असत. तो नियम त्या परीक्षेपुरताच होता. कॉलेजच्या निकालाला तो लावू नका, सरसकट 10 नेही गुणू नका. प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमावलीत दिलेले असते. अर्जात टक्के भरताना तेच सूत्र वापरा, कारण कागदपत्रांच्या तपासणीत तुमचा आकडा त्याच सूत्राने पडताळला जातो.

आज संध्याकाळी मुलांबरोबर बसा आणि निकालाचा तक्ता एकदा हाताने मांडून बघा. छापलेला आकडा जुळला तर उत्तमच. नाही जुळला, तर गुणाकाराचा एकेक आकडा तपासा. तरीही फरक राहिला, तर तोच तक्ता घेऊन परीक्षा विभागात जा.