एका किल्ले-स्पर्धेची तीन निवेदने

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी अंगणात माती, विटा आणि गोणपाट जमवून उभारलेल्या, अळिवाच्या कोवळ्या हिरवाईने नटलेल्या किल्ल्यांची स्पर्धा आपल्याकडे गावोगावी भरते. आणि अलीकडे तिची वार्ता फळ्यावर खडूने लिहिली जाते त्याच दिवशी ती फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाते. बहुतेक कार्यवाह एकच मजकूर तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा चिकटवतात, आणि मग नोंदणीची मुदत उलटून गेल्यावर ‘आम्हाला कळलेच नाही’ अशी तक्रार घेऊन पालक वाचनालयाच्या दारात उभे राहतात. मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचलेला असतो. पण त्यातील कामाचा भाग घडीच्या आत राहिलेला असतो.

घडी म्हणजे काय, ते आधी पाहू. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० चिन्हांपर्यंत मुभा आहे, पण छायाचित्राखाली प्रथमदर्शनी दिसतो तो त्याचा अगदी आरंभीचा तुकडा, म्हणजे सामान्यतः सुमारे १२५ चिन्हे किंवा दोन ओळी; पुढचे वाचण्यासाठी वाचकाला बोट लावावे लागते, आणि झरझर वर सरकणारा वाचक ते लावतोच असे नाही. फेसबुकवर ही घडी चारपाच ओळींनंतर पडते, आणि नेमकी कोठे पडेल हे पडद्याच्या रुंदीवर, अक्षराच्या आकारावर आणि सोबत चित्र आहे की नाही यावर अवलंबून असते. व्हॉट्सॲपवर आखूड निवेदन पूर्ण दिसते, परंतु पुष्कळ सभासद ते उघडण्यापूर्वी सूचनापट्टीत दिसणारी पहिली एखादी ओळच वाचून निर्णय घेतात.

मराठी लिहिणाऱ्याने येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा, कारण तो इंग्रजी लिहिणाऱ्याला करावा लागत नाही. यंत्र अक्षरे मोजत नाही, तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील लपलेला हलंत ही प्रत्येक खूण स्वतंत्र धरते. ‘स्पर्धा’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या खात्यात मात्र स, हलंत, प, र, हलंत, ध आणि काना अशी ७ चिन्हे जमा होतात. म्हणून १२५ चिन्हांत मराठीचे सतरा-अठरा शब्दच मावतात. आता आपल्या परंपरागत निवेदनाची सुरुवात घ्या: ‘सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या वाचनालयाच्या वतीने दीपावलीच्या मंगल पर्वानिमित्त बालगोपाळांसाठी’. येथवर ९२ चिन्हे खर्ची पडली, आणि स्पर्धा कशाची, केव्हा, कोठे, यांपैकी एकही गोष्ट अद्याप आलेली नाही. हे वाक्य मला प्रिय आहे. त्यात एका संस्थेचे सातत्य आणि गावाविषयीची आस्था आहे. म्हणून ते गाळू नये, पण त्याची जागा पहिली नव्हे.

पहिली जागा द्यावी ती अशा ओळीला: ‘किल्ले स्पर्धा, शनि. ७ नोव्हेंबर. नोंदणी १ तारखेपर्यंत, वाचनालयात.’ ही ६६ चिन्हे झाली, आणि घडी कोठेही पडली तरी ही ओळ तिच्या बाहेर राहते. तीत दोन तारखा आहेत हे मुद्दाम पाहावे. कारण स्पर्धेचा दिवस ठळक आणि नोंदणीची अखेर मात्र तळाशी, ही चूक सर्वांत अधिक घडते, आणि पालकांचा रोष ओढवते तो नेमका तिच्यामुळेच. इन्स्टाग्रामवर या ओळीनंतर एक रिकामी ओळ सोडून दोनतीन वाक्यांत किल्ल्याचा आकार, वयोगट आणि परीक्षक घरोघरी येऊन पाहणी करतील ही माहिती द्यावी, आणि हॅशटॅग अगदी शेवटी घालावेत. नोंदणी-अर्जाचा दुवा तेथे देऊन उपयोग नाही, कारण कॅप्शनमधला दुवा दाबला तरी उघडत नाही. तो खात्याच्या परिचयात ठेवावा आणि तो तेथे असल्याचे कॅप्शनमध्ये सांगावे.

फेसबुकवर मजकुराला पैस आहे. परगावी गेलेली, पण गावाशी धागा राखून असलेली मंडळी तेथे सविस्तर वाचतात. तेव्हा तेथे दुसऱ्या परिच्छेदात ते ‘सालाबादप्रमाणे’ सन्मानाने यावे, गतवर्षीच्या किल्ल्यांची हकीकत यावी, नियम यावेत, आणि दुवाही द्यावा, कारण तो तेथे उघडतो. परिच्छेद मात्र तीनचार वाक्यांपलीकडे वाढू देऊ नये. आणि पहिल्या चार ओळींत रिकामी ओळ घालू नये, कारण घडीच्या बाहेरच्या मोजक्या जागेतली एक ओळ तीही खाते.

ग्रुपवरचे निवेदन सर्वांत आखूड असावे, आणि ओळ कोठे तोडावी याचा खरा प्रश्न तेथेच उद्भवतो. संगणकावर टंकताना सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारला, तर रुंद पडद्यावर ते सुबक दिसते. पण फोनच्या अरुंद पडद्यावर ती ओळ आधी आपोआप वळते, उरलेला एखाददुसरा शब्द खाली एकटा पडतो, आणि त्यानंतर मारलेला एंटर पुन्हा नवी ओळ काढतो. ‘सकाळी’ वर आणि ‘९ पासून’ खाली, असे झाले की घाईत वाचणाऱ्याची वेळ चुकते. उपाय असा की, ओळ रुंदी पाहून नव्हे तर अर्थ पाहून तोडावी, एका ओळीत एकच बाब ठेवावी, आणि ती शक्य तितकी तोकडी करावी:

*किल्ले स्पर्धा, नोंदणी १ नोव्हें.पर्यंत*
नोंदणी: वाचनालयात, सायं. ५ ते ८
पाहणी: शनि. ७ नोव्हें.
सकाळी ९ पासून, तुमच्या अंगणात
वयोगट: इयत्ता ३ री ते ९ वी

पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांच्या तारका अक्षर ठळक करण्यासाठी आहेत. तारका आणि अक्षर यांत मोकळी जागा राहिली, किंवा मध्येच एंटर पडला, तर ठळकपणा येत नाही आणि तारका उघड्या दिसतात. हाच मजकूर फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर चिकटवला तरी त्या तशाच उघड्या राहतात. कोणत्या संस्थेने एकच मजकूर सर्वत्र डकवला आहे, हे त्यांवरून तत्काळ ओळखू येते. निवेदन चित्रासोबत पाठवायचे असेल, तर दोन्ही तारखा आणि ठिकाण चित्रावरही लिहावे, कारण पुढे पाठवणारा सभासद खालचा मजकूर काढून टाकू शकतो.

पाठवण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश धाडण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा आणि तो एखाद्या लहान पडद्याच्या फोनवर, अक्षर मोठे करून, पाहावा. ग्रुपमधील वडीलधारी मंडळी बहुधा तसेच वाचतात. एकटा पडलेला शब्द दिसला की शब्दच बदलावा, मोकळ्या जागा घालून ओळ ढकलू नये, कारण दुसऱ्या फोनवर ती पुन्हा भलतीकडे जाते.

प्रसिद्धीचा क्रमही यावरूनच ठरतो. फेसबुकवरचा आणि इन्स्टाग्रामवरचा मजकूर केव्हाही दुरुस्त करता येतो. व्हॉट्सॲपवरचा संदेश फक्त पहिल्या १५ मिनिटांत बदलता येतो, आणि तोवर पुढे गेलेल्या प्रती त्या बदलाने सुधारत नाहीत. म्हणून फेसबुक आधी, मग इन्स्टाग्राम, आणि कोणी चूक दाखवली तर ती दोन्हीकडे निस्तरून, दुसऱ्या दिवशी ग्रुप. तरीही तारीख चुकलीच, तर मूळ संदेश सर्वांसाठी पुसून, नव्या संदेशाच्या पहिल्याच ओळीत ‘सुधारित’ हा शब्द आणि खरी तारीख घालावी.