एका किलो नानकटाईची खरी किंमत

भिवंडीच्या गल्लीत लाकडावर चालणारी एक छोटी बेकरी आहे असं समजू. भट्टी एकच, कारागीर तेवढेच. रात्रभर फक्त पाव केला तर ४०० लाद्या निघतात.

ईदसाठी नानकटाई हवी आहे. पहिले २० किलो केले तर लाद्या ३६० होतात, ४० किलोला ३००, ६० किलोला २००, आणि ८० किलोला शून्य. हे बिंदू जोडले की उत्पादन शक्यता वक्र मिळतो. सोडून दिलेला पाव हा नानकटाईचा संधी खर्च: पहिल्या टप्प्यात किलोमागे २ लाद्या, मग ३, ५ आणि शेवटी १०.

तो का वाढतो? पावाला कडक आच लागते, नानकटाईला मंद. पाव काढल्यावर निवणाऱ्या भट्टीत पहिली नानकटाई स्वस्तात भाजली जाते. पुढची मात्र ऐन पावाच्या वेळेवर घाला घालते, आणि पाव वळण्यात तरबेज हात तिथे फारसे कामी येत नाहीत. म्हणून वक्र बाहेर फुगतो.

वीज गेली, मिक्सर थांबला, तर बेकरी वक्राच्या आत घसरते. तिथून दोन्ही पदार्थ एकाच वेळी वाढवता येतात. वक्रावर असताना ते जमत नाही. त्यासाठी दुसरी भट्टी हवी.

साहित्याचा खर्च वजा जाता लादीमागे १० रुपये आणि किलो नानकटाईमागे ४० रुपये सुटत असतील, तर मालकाने ४० किलोवर थांबावं. त्यापुढचा प्रत्येक किलो पावाचे किमान ५० रुपये खातो.