सव्वीस आठवड्यांचा पगार कोण काढणार?

चाकण परिसरातला दीडेकशे कामगारांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. सगळ्यांचा पगार, भविष्य निर्वाह निधी, टीडीएस आणि व्यवसाय कर एकच लेखापाल बाई सांभाळतात. त्यांना जानेवारीच्या मध्यावर बाळंतपणाची तारीख मिळाली आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. बाई 1 डिसेंबरपासून रजा घेणार, म्हणजे 182 दिवस मोजून ती 31 मेला संपणार.

अशा वेळी बहुतेक कचेऱ्यांत बाईंना सांगितले जाते, ‘तुम्ही काय काय करता ते लिहून द्या.’ बाई मनापासून लिहितात: हजेरी गोळा करणे, पगारपत्रक करणे, 7 तारखेच्या आत टीडीएस आणि 15 तारखेच्या आत निर्वाह निधी भरणे. यादी बरोबर असली तरी अपुरी असते, कारण त्यात दर महिन्याची कामे असतात. वर्षातून एकदाच येणारे काम आठवणीतून निसटते.

डिसेंबर ते मे हा काळ नेमका अशा कामांनी भरलेला आहे. डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची कपात होते आणि ती 15 जानेवारीपर्यंत भरायची असते. त्याच सुमारास गुंतवणुकीचे पुरावे गोळा करून प्रत्येकाचा कर नव्याने मोजावा लागतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेकांच्या पगारातून दरमहा 200 रुपये कापला जातो, फेब्रुवारीत मात्र 300. ज्याने फेब्रुवारीचा पगार कधी केलाच नाही, त्याच्याकडून नेमके हे शंभर रुपये राहून जातात. मार्चचा टीडीएस 7 एप्रिलऐवजी 30 एप्रिलपर्यंत भरता येतो, शेवटच्या तिमाहीचे विवरणपत्र 31 मेपर्यंत द्यायचे असते.

म्हणून यादी आठवून न करता मागच्या वर्षीच्या डिसेंबर ते मेची चलने, बँकेचे उतारे आणि ईमेल समोर ठेवून करावी. जे भरले गेले, ते यंदाही भरावे लागणार.

लिहून दिलेले काम येतेच असे नाही. त्यासाठी तीन पगार हाताशी हवेत. सप्टेंबरचा पगार बाई करतील आणि शेजारी बसलेला सहकारी टिपणे काढील. ऑक्टोबरचा तो करील, बाई फक्त पाहतील. नोव्हेंबरच्या पगाराला त्या खोलीतही नसतील. अडले तर तो आधी टिपणात शोधील, आणि टिपणात न सापडलेला प्रत्येक प्रश्न त्यात भरला जाईल. बाळ लवकर आले, डॉक्टरांनी अचानक विश्रांती सांगितली, तरी ऑक्टोबरअखेर निदान एक पगार दुसऱ्या हाताने झालेला असतो.

या सहकाऱ्याचे आधीचे काम कोण करणार, हे साहेबांनी त्याच दिवशी ठरवायला हवे. दोन्ही टेबले एकाच माणसावर टाकली, तर पहिले दोन महिने ओढाताणीत निघतात आणि मार्चअखेर दोन्हीकडे चुका होऊ लागतात. ठरावीक मुदतीवर माणूस घ्यायचा असेल, तर त्याला पगाराचे काम देण्यापेक्षा सहकाऱ्याची नेहमीची बिले सोपवणे बरे. कारखान्यातली माणसे आणि त्यांचे पगार ओळखणारा जुना माणूसच पगारावर असावा.

सगळ्यात जास्त अडतो तो ओटीपी. निर्वाह निधीच्या आणि कराच्या पोर्टलवर बाईंचा मोबाइल नोंदलेला असतो, डिजिटल स्वाक्षरी त्यांच्या नावाची असते आणि बँकेत व्यवहार भरण्याचा अधिकारही त्यांचाच. हे बदलायला अर्ज, सह्या आणि कधी कधी आठवडे लागतात. ते ऑक्टोबरमध्येच उरकले नाही, तर 15 जानेवारीला निर्वाह निधी भरताना प्रसूतिगृहात फोन जातो. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ‘पाच मिनिटांचेच काम’ म्हणून केलेला फोनही हक्काचा नव्हे. नोव्हेंबरचा पगार सहकाऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने झाला, तरच बदल पुरा झाला असे समजावे.

परतीचीही अशीच तयारी लागते. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभा मालक आणि कर्मचारी मिळून ठरवू शकतात. त्याचे बोलणे मेमध्ये व्हावे, आणि तेही बाईंनी स्वतःहून विषय काढला तर. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन सुट्ट्याही द्याव्या लागतात. महिन्याच्या कामाची वेळ आखताना त्या धरून चालाव्यात.

जूनचा पहिला आठवडा उलट्या हस्तांतराचा. सहा महिन्यांत बदललेले पगार, नवे कामगार आणि अर्धवट राहिलेल्या दुरुस्त्या सहकारी समोर बसून सांगतो. 15 जूनपर्यंत सगळ्यांना टीडीएसचे वार्षिक प्रमाणपत्र द्यायचे असते. ते तयार करण्याचे काम सहकाऱ्याकडेच राहू द्यावे आणि बाईंनी ते तपासावे, कारण त्यातले शेवटचे सहा पगार त्याने केलेले असतात.