लाँचचं तिकीट आणि हावड्याची लोकल

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं की कर्नलसाहेब, तुम्ही रोज नदी ओलांडून कामाला जाता म्हणता, तर ते जमवता कसं ते एकदा सांगा. कोलकात्यात नव्यानं बदली होऊन आलेल्या एका मराठी मुलानं तर सरळ विचारलं, की हावड्याला उतरून फेअरली घाटाची लाँच धरली तर वेळेत पोचतो का, की ती फक्त पर्यटकांची हौस आहे? आज तेवढंच बोलू.

मी राहतो कोन्नगरला, म्हणजे हावड्याहून बँडेलकडे जाणाऱ्या मेन लाइनवर, गंगेच्या पश्चिम काठी. कोलकाता नदीच्या पूर्व काठाला आहे आणि हावडा स्टेशन पश्चिम काठाला. निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस मी डलहौसीजवळच्या एका कार्यालयात माजी सैनिकांच्या पेन्शनची कागदपत्रं बघतो. सकाळी लोकलनं हावडा, समोरच्या घाटावरून लाँचनं फेअरली, तिथून चालत कार्यालय. संध्याकाळी हेच उलट.

आधी तिकिटाचं. लोकलचा महिन्याचा पास लाँचला चालत नाही आणि लाँचचं तिकीट रेल्वेला चालत नाही, दोन्ही वेगळे व्यवहार. लाँचचं तिकीट एका फेरीचं असतं. मी हा रस्ता धरला तेव्हा ते सहा रुपयांना मिळायचं. सुटे पैसे खिशात ठेवा, कारण गर्दीच्या वेळी खिडकीवर शंभराची नोट पुढे केली की मागच्या रांगेतून बंगालीत जे ऐकायला मिळतं ते भाषा न येताही कळतं. हावड्याहून लाँचा वेगवेगळ्या घाटांना जातात: फेअरली, बाबूघाट, आर्मेनियन घाट, आहिरीटोला, बागबाजार. म्हणून तिकीट मागताना घाटाचं नाव स्पष्ट सांगा आणि लाँच कुठल्या धक्क्याला लागणार तेही तिथेच विचारून घ्या. घाईत चुकीच्या धक्क्यावर उभं राहून आपलीच लाँच शेजारून सुटताना बघण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. या दोन्ही तिकिटांवर गाडीची किंवा लाँचची वेळ नसते. पुढची लाँच चालते, पुढची लोकल चालते. त्यामुळे बहुतेक लोक लोकलचं वेळापत्रक पाठ करतात, अमुक वाजून तमुक मिनिटांची बँडेल लोकल धरायची असं ठरवतात आणि तिच्यामागे धावतात. मी उलट करतो. जे वाहन कमी वेळा सुटतं, घड्याळ त्याला बांधायचं. संध्याकाळी हावड्याहून माझ्या बाजूला थोड्या थोड्या वेळानं गाडी असते, पण लाँच चुकली तर पाव तास धक्क्यावर उभं राहावं लागतं. म्हणजे वेळ पाठ करायची ती लाँचची.

एक संध्याकाळ हिशोबात मांडतो. साडेपाचला कार्यालयातून निघालो. घाटापर्यंत चालायला आठ मिनिटं. स्ट्रँड रोड ओलांडला की नदीच्या आधी चक्ररेलचे रूळ लागतात. तिथे गाडी यायची असेल तर थांबावंच लागतं, त्याची दोन-तीन मिनिटं धरायची. तिकीट काढेपर्यंत पावणेसहा. लाँच समोर उभी असली तर नशीब, नुकतीच सुटली असली तर सहा. पाण्यावर दहा मिनिटं. उतरून उतरंडीच्या पुलावरून वर येणं आणि जुन्या इमारतीतल्या लोकलच्या फलाटापर्यंत जाणं, गर्दीत दहा मिनिटं. म्हणजे बरं जमलं तर सहा-पाचला फलाटावर, नाही जमलं तर सहा-वीसला. हा पंधरा मिनिटांचा फरक जवळजवळ सगळा लाँचच्या प्रतीक्षेचा आहे. चालण्याचा वेग वाढवून तो भरून निघत नाही.

फलाटावर पाटी मात्र वाचा. हावड्याहून बर्धमानला दोन वाटांनी गाड्या जातात. मेन लाइनची कोन्नगर, श्रीरामपूर, बँडेल करत जाते. कॉर्डची डानकुनीकडे वळते आणि आमच्या गावाला लागतच नाही. पाटीवर नुसतं बर्धमान वाचून चढलेला माणूस कुठेतरी भलतीकडे उतरून परत येतो.

पास नसेल आणि मोबाइलवर रेल्वेच्या ॲपनं कागदाविना तिकीट काढणार असाल, तर एक बारीक गोष्ट. स्टेशनच्या आवारात शिरल्यावर असं तिकीट निघत नाही. तिथे लावलेला क्यूआर कोड शोधून स्कॅन करावा लागतो. हावड्याचा घाट स्टेशनच्या अगदी तोंडाशी आहे, म्हणून तिकीट फेअरलीच्या बाजूलाच, लाँचची वाट बघताना काढून ठेवा. लोकलचं तिकीट काढल्यापासून ठरावीक वेळेत प्रवास सुरू केला की चालतो, त्यामुळे एखादी लाँच चुकली म्हणून काही बिघडत नाही.

एवढं झालं रोजचं. पण लोकल चुकली तर दहा मिनिटं जातात, लांब पल्ल्याची गाडी चुकली तर आरक्षणाचे पैसेही जातात आणि माणूसही अडकतो. इथे नदीचा स्वभाव कळायला हवा. तो न कळल्यामुळे मी माझ्या वहिनीची गाडी चुकवली.

मेट्रो नदीखालून सुरू व्हायच्या आधीची, म्हणजे 2024 पूर्वीची गोष्ट. वहिनी आमच्याकडे पंधरा दिवस राहून मुंबईला परत निघाल्या होत्या. दुपारी दोननंतर काही मिनिटांनी गाडी. सकाळी त्यांना डलहौसीत थोडी खरेदी करायची होती. सामान पुतण्यानं आधीच हावड्याला क्लोकरूममध्ये ठेवलं होतं. मी म्हटलं, एकच्या लाँचनं जाऊ, सव्वाला पलीकडे. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, द्वितीया होती. आम्ही देवगडकडची माणसं. आमच्याकडे तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड. दीडला पूर्ण भरती, म्हणजे पाणी सकाळी साडेसातपासून सावकाश चढत असणार, एक वाजता नदी तुडुंब आणि शांत. हिशोब करून मी खूश.

घाटावर पोचलो तर धक्क्याकडे उतरणारा पूल जिन्यासारखा खाली गेलेला. पाणी तळाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उधाणाचे दिवस ना हे? मग एवढी ओहोटी कशी?" मी काहीतरी उत्तर दिलं. तेवढ्यात धक्क्यावरची लाँच रिकामीच सुटली आणि नदीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. होड्याही काठ सोडून आत गेल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बान आशछे." बान येतोय.

थोड्या वेळानं दक्षिणेकडून पाण्याची एक भिंतच आली. फार उंच नव्हती, पण काठाला आपटत, धक्का हलवत गेली, आणि मिनिटाभरात नदी उलटी वाहायला लागली. वहिनींनी हात जोडले. मी घड्याळ बघत होतो. लाँच सुरू व्हायला पाऊण तास लागला. त्याच्या आधीच आम्ही टॅक्सी धरून हावडा ब्रिजकडे निघालो आणि बडाबाजारच्या कोंडीत अडकलो. फलाटावर पोचलो तेव्हा शेवटच्या डब्याचा दिवा दिसत होता. बसल्याजागी गाडी चुकलेल्या प्रवाशाला रेल्वे पैसे देत नाही. दुसऱ्या दिवशीचं तत्काळ काढलं. वहिनींच्या नातवाची मुंज होती तिसऱ्या दिवशी. त्या पोचल्या, पण मांडवात, स्टेशनवरून थेट.

माझं कुठे चुकलं? तिथीचा तो आडाखा कोकणच्या उघड्या किनाऱ्याचा. कोलकाता समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत आहे. भरती सागर बेटापाशी येते आणि नदीतून वर चढत इथे पोचायला काही तास घेते. शिवाय वाटेत नदी अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे भरतीची पुढची कड मागे रेंगाळते, मागचं पाणी तिला गाठतं. उधाणाच्या दिवसांत ती कड लाटेसारखी उभी राहते. तोच बान. कोकणात भरती सहा तास सावकाश चढते. इथे पाणी बराच वेळ उतरत राहतं आणि मग कमी वेळात झपाट्यानं चढतं. म्हणून बान येतो तो नदी सगळ्यात खाली असताना, भरलेली असताना नाही. मी नेमकी त्याच वेळी लाँच धरायला गेलो होतो.

आता मी असं करतो. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस, विशेषतः पावसाळ्यात, कोलकाता बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात गार्डन रीचची वेळ बघतो, किंवा सकाळी हावड्याला उतरल्यावर घाटावरच विचारतो, "आज बान कखन?" घाटावरच्या माणसांना ते माहीत असतं. त्या वेळेच्या आधी-नंतरचा एकेक तास लाँचच्या भरवशावर काही ठरवत नाही. आणि काहीच माहीत नसेल तर पूल बघा: उधाणाच्या दिवसांत तो खूप उतरता असेल आणि लाँचा काठ सोडून मध्ये उभ्या असतील, तर तिकीट काढू नका.

अशा वेळी आता मेट्रो आहे. महाकरण स्टेशनवरून नदीखालून काही मिनिटांत हावडा. हावड्याचं मेट्रो स्टेशन खूप खोल आहे, वर यायला सरकत्या जिन्यांवर वेळ जातो आणि बॅगा तपासणीतून न्याव्या लागतात, पण तिला बान लागत नाही. लांबच्या गाडीला मी पाहुण्यांना मेट्रोनंच नेतो. मुंबई-नागपूरकडच्या गाड्या बहुधा नव्या इमारतीतून सुटतात, ते चालणं वेगळं धरायचं.

हिवाळ्यात सकाळी धुकं असलं तरी लाँचा थांबतात किंवा रेंगाळतात. तेव्हा मी चौकशीला थांबत नाही, हावड्याहून सरळ मेट्रोत उतरतो. रात्री आठनंतर आणि रविवारी फेऱ्या कमी होतात, तेव्हाही तसंच.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर: दहाचं कार्यालय असेल तर नऊ-दहापर्यंत हावड्याला उतरणारी लोकल धर. पहिली लाँच डोळ्यांदेखत सुटली तरी पुढचीनं पावणेदहाला फेअरलीला लागशील, आणि डलहौसीच्या कोपऱ्यावर चहाला पाच मिनिटं उरतील.