तिचा पगार पाळणाघरातच जातो? हिशेब पुन्हा मांडून पाहा

‘तू नोकरी केलीस तरी पगार पाळणाघरातच जाणार.’ आठ-दहा वर्षांनी पुन्हा नोकरीचा विषय काढणाऱ्या अनेकींना नवऱ्याकडून हेच ऐकावं लागतं. यात किती तथ्य आहे?

नवऱ्याचा हिशेब काय?
समजा, ठाण्यातलं एक कुटुंब आहे. नवऱ्याचा पगार ८५ हजार. बायकोने सहा वर्षांची अकाउंट्सची नोकरी मुलगी झाल्यावर सोडली. मुलगी आता सात वर्षांची आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. बायकोला २८ हजारांची नोकरी मिळतेय. मूळ वेतन १५ हजार असेल, तर पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापून हातात २६ हजार येतील. पाळणाघराला ७ हजार, सासूबाईंजवळ अर्धा दिवस थांबणाऱ्या बाईंना ९ हजार, प्रवासाला अडीच हजार. उरतात साडेसात हजार. ‘एवढ्यासाठी ओढाताण कशाला?’ असं नवऱ्याला वाटतं.

काय सुटलं?
पीएफचे पैसे खर्च होत नाहीत, साठतात. कंपनीही तेवढेच १,८०० भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. म्हणजे तिच्या नावावर महिन्याला साडेसात नव्हे, ११,१०० रुपये उरतात. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. आधीच्या सहा वर्षांचे पेन्शनचे पैसे काढले नसतील, तर ती वर्षं धरली जातात. त्यासाठी नव्या कंपनीत जुनाच यूएएन द्यायचा.

तिच्या पगारामुळे नवऱ्याचा प्राप्तिकर वाढत नाही. दोघांचा कर वेगळा मोजतात. शिवाय पाळणाघराचा खर्च काही वर्षांनी संपतो. खंड मात्र जितका लांबेल, तितकी नोकरी मिळणं अवघड होतं.

मग खरी अडचण कुठे?
बहुतेकदा ती पैशांत नसते, वेळेत असते. स्कूल बसपाशी कोण थांबणार? सासूबाईंना फिजिओथेरपीला कोण नेणार? आजवर हे कुणाला विचारावंच लागलं नाही, कारण ती घरी होती. ‘घराचं काय?’ या प्रश्नामागे अनेकदा ‘माझ्यावर काय येणार?’ ही धास्ती असते.

म्हणून आठवडाभराची कामं वेळेसह कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एक नाव टाका. ‘मदत करेन’ असं नको. ‘मंगळवार-शुक्रवारची फिजिओथेरपी माझी’ असं हवं. मुलीला ताप आला तर पहिली रजा कुणाची, हेही आधीच ठरवा.

जमतंय की नाही, कसं ओळखाल?
तीन महिन्यांनी दोघांच्या रजा मोजा. घरच्या कारणासाठी सगळ्या रजा तिच्याच पडल्या असतील, तर वाटणी कागदावरच राहिली. अशा वेळी तिची नोकरी सुटते आणि ‘तिला झेपलं नाही’ असं म्हटलं जातं. त्याआधी तो कागद पुन्हा काढा आणि नावं बदला.