गच्चीवरची भाजी, मोबाईलच्या कॅमेऱ्यात (भाग ४) : बादलीतला टोमॅटो

मागच्या भागात आपण मेथी आणि पालकाच्या छोट्या व्हिडिओचं स्क्रिप्ट लिहिलं. पालेभाजीला सामान थोडं लागतं आणि महिन्याभरात ती ताटात येते, त्यामुळे बोलणाऱ्याचं फारसं अडत नाही. टोमॅटोचं तसं नाही. त्याला सामान जास्त लागतं, तो ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत गच्चीवर उभा असतो आणि तेवढ्यात हवा तीनदा पालटते. म्हणून या आठवड्यात दोनच गोष्टी पाहू : सामान बोलून कसं सांगायचं आणि ऋतूची सूचना नेमकी कुठे घालायची. उदाहरण पुण्यातल्या गच्चीचं, रंगाच्या २० लिटरच्या बादलीत लावलेल्या एका रोपाचं.

बहुतेक व्हिडिओंची सुरुवात अशी होते : ‘साहित्य : बादली, कोकोपीट, गांडूळखत, माती, निंबोळी पेंड, बांबू, सुतळी…’ वाचताना ही यादी ठीक वाटते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र तिसऱ्या वस्तूपर्यंत पहिली पुसली जाते. ऐकणारा गच्चीवर मातीच्या हातांनी बसला असेल, तर त्याला व्हिडिओ मागेही नेता येत नाही. यावर उपाय म्हणजे वस्तू जिथे मिळते त्या जागेनुसार यादीचे गट करायचे. माणूस सामान आणायला जातो तो दुकानाच्या हिशेबानं, यादीतल्या क्रमानं नाही.

हे स्क्रिप्टमध्ये असं उतरतं :

‘नमस्कार मंडळी. आज आपण टोमॅटो लावणार आहोत, आणि त्यासाठी दोनच ठिकाणी जायचंय. पहिलं ठिकाण भंगारवाला किंवा रंगकाम चाललेली एखादी बिल्डिंग. तिथून रंगाची २० लिटरची रिकामी बादली आणा. आतला रंग खरवडून बादली स्वच्छ धुवा. दुसरं ठिकाण नर्सरी. तिथे चार गोष्टी मागा : टोमॅटोचं रोप, कोकोपीटची एक वीट, चार किलो गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड. बाकी सगळं घरात आहे. माती जुन्या कुंडीतली चालेल, सुतळी असतेच, आणि पाच फुटांचा एक बांबू किंवा जुन्या पडद्याचा दांडा शोधून ठेवा.’

यातली एकही वस्तू मूळ यादीपेक्षा कमी झालेली नाही. ‘दोन ठिकाणं’ आणि ‘चार गोष्टी’ हे आकडे आधी सांगितल्यामुळे ऐकणारा बोटं मोजत ऐकतो. तीन गोष्टींवर थांबलो तर चौथी राहिली, हे त्याचं त्यालाच कळतं.

आता प्रमाण. इथे किलो आणि लिटर एकत्र आले की घोळ होतो, कारण कोकोपीट विकत मिळतं वजनानं आणि वापरायचं असतं मापानं. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजल्यावर साधारण आठ लिटर होते. बादली काठाच्या दोन इंच खालीपर्यंत भरायची म्हणजे १८ लिटर मिश्रण लागतं : सहा लिटर कोकोपीट, सहा लिटर गांडूळखत, सहा लिटर माती. हा हिशेब तुमच्या वहीत राहू द्या. बोलताना एकच भांडं धरा :

‘घरातला कुठलाही जुना डबा घ्या. एक डबा कोकोपीट, एक डबा गांडूळखत, एक डबा माती. बादली भरेपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. शेवटी मूठभर निंबोळी पेंड टाका आणि हातानं सगळं कालवा. आता हे बघा, मुठीत घेऊन दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचलं की फुटला पाहिजे. लाडू फुटत नसेल तर माती जास्त झाली, अजून थोडं कोकोपीट घाला. लाडू वळतच नसेल तर पाण्याचा हात लावा.’

लाडवाचा शॉट अगदी जवळून घ्या, हात आणि मूठ एवढंच दिसू द्या. प्रमाण चुकलंय की बरोबर आहे, हे प्रेक्षकाला आकड्यांपेक्षा या शॉटमधून कळेल.

नुसती माती का नको, हेही इथेच सांगावं लागतं, कारण कोकोपीटचे पैसे वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. या मिश्रणाची ओली बादली साधारण १६ ते १८ किलो भरते, नुसत्या मातीची ३० किलोच्या घरात जाते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे वावर असलेल्या सपाट गच्चीच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात, आणि त्यात उभी राहणारी माणसंही आली. टोमॅटोच्या दोन रोपांत दीड फूट अंतर लागतं, म्हणजे चौरस मीटरमध्ये चार बादल्या बसतात. हलक्या मिश्रणाच्या चार बादल्या ७० किलोंच्या आसपास राहतात, नुसत्या मातीच्या १२० किलो होतात. स्क्रिप्टमध्ये एवढं बोललं तरी पुरे : ‘बादल्या गच्चीच्या मधोमध नकोत, कठड्याच्या कडेनं, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. बिल्डिंग जुनी असेल किंवा वरच्या मजल्याच्या छताला ओल असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.’

भोकांची जागा हा असाच एक मुद्दा. पुष्कळ जण भोकं तळाला पाडतात. सपाट गच्चीवर बादलीचा तळ फरशीला चिकटतो, भोकं बुजतात आणि मुळं पाण्यात कुजतात. म्हणून अर्धा इंच रुंदीची चार भोकं बाजूला, तळापासून इंचभर वर पाडायची आणि बादली दोन विटांवर ठेवायची. विटांमुळे खालून हवा खेळते, गच्चीवर ओल साचत नाही आणि वॉटरप्रूफिंगही टिकतं.

आता ऋतूच्या सूचना. त्या बहुतेक स्क्रिप्टमध्ये शेवटी, ‘काही महत्त्वाच्या टिपा’ म्हणून येतात. तोवर प्रेक्षक निघून गेलेला असतो. सूचना ज्या कामाला लागू आहे, त्या कामाच्या आधीच्या वाक्यात ती यायला हवी. शिवाय प्रत्येक सूचनेत दोन गोष्टी हव्यात : काळ, आणि डोळ्यांना दिसणारी खूण.

काळ सांगताना सणांवर विसंबू नका. ‘दिवाळीत रोप लावा’ हे ऐकायला गोड वाटतं, पण २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि अधिक महिन्यामुळे २०२६मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. तुमचा व्हिडिओ पुढची पाच वर्षं पाहिला जाईल. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा जवळपास ठरलेल्या असतात. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतं आणि चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास. घरातल्या मोठ्यांना ही नावं ठाऊक असतात. त्यामुळे नक्षत्र आणि तारीख दोन्ही सांगा :

‘थांबा, रोप लावायच्या आधी एक गोष्ट. हस्ताचा पाऊस बाकी असेल तर घाई करू नका. धो धो सरीत कोवळं रोप बुडाशी मऊ पडतं आणि आडवं होतं. साधारण १० ऑक्टोबरनंतर, सलग तीन-चार दिवस ऊन पडलं की लावा. कोकणात पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, तिथे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा बरा. विदर्भात ऑक्टोबरच्या मध्यालाच उरकून घ्या, कारण डिसेंबरात रात्री फार गारठा पडतो आणि रोपाची वाढ मंदावते.’

त्यानंतर लावणी : ‘रोप संध्याकाळी लावा. खालची दोन पानं खुडून टाका आणि खोड त्या जागेपर्यंत मातीत जाऊ द्या. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. बांबूही आत्ताच खोचा, महिन्यानं खोचलात तर मुळं तुटतील.’

पुढचे पाच महिने एका व्हिडिओत दाखवता येत नाहीत. म्हणून तीन थांबे ठरवा, त्या त्या महिन्यात अर्ध्या मिनिटाचा तुकडा चित्रित करा आणि शेवटी जोडा.

पहिला थांबा ऑक्टोबर हीटचा : ‘कोवळी पानं वर वळून आखडायला लागली, तर पान उलटून बघा. पान हलवल्यावर पांढऱ्या बारीक माशा उडाल्या, तर विषाणू पसरवणारी पांढरी माशी आलीय. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घाला, नीट हलवा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. जे झाड पुरतं आखडून खुरटलंय, ते बरं होत नाही. ते उपटून पिशवीत बांधून टाका, म्हणजे शेजारची झाडं वाचतील.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. फवारणीनं माशी कमी होते, झाडात शिरलेला विषाणू जात नाही. हे न सांगितलं तर प्रेक्षक महिनाभर फवारत बसतो.

दुसरा थांबा डिसेंबर-जानेवारीचा : ‘आता पाणी सकाळी, फक्त बुडाशी. पानं रात्रभर ओली राहिली तर करपा येतो, पानावर तपकिरी डाग पडतात. डागाळलेली खालची पानं काढून टाका. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी घाला. आणि हे फळ बघा, बूड काळं पडलंय. ही कीड नाही. कधी कोरडं, कधी तुडुंब, असं पाणी दिलं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी नेमानं द्या, पुढची फळं चांगली येतील.’

या टप्प्यावर पहिली फळं पिकायला लागलेली असतात. लावणीनंतर साधारण दोन-अडीच महिने लागतात, हे आकड्यात सांगा, नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीलाच ‘फळ का नाही?’ असं विचारणाऱ्यांची रांग लागेल.

तिसरा थांबा मार्चचा. फुलं येतात, पण देठापाशी पिवळी होऊन गळतात. तेव्हा लोक खत वाढवतात, आणि त्यानं फक्त पाला वाढतो. खरं कारण ऊन असतं. दिवसा पारा ३५च्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत. हिरव्या जाळीची सावली केली तर झाडावरची फळं पिकेपर्यंत झाड तगतं, नवी फळधारणा मात्र फारशी होत नाही. मे महिन्यात टोमॅटो घेण्याचा हट्ट गच्चीवर धरू नये.

म्हणूनच या व्हिडिओचं शेवटचं वाक्य, जो कोणी तो चुकीच्या महिन्यात पाहतोय त्याच्यासाठी ठेवा : ‘तुम्ही हे मार्च-एप्रिलमध्ये बघत असाल, तर आज टोमॅटो लावू नका. हीच बादली, हेच मिश्रण घ्या आणि भेंडी किंवा गवारीच्या चार बिया टोचा. टोमॅटोचं बी सप्टेंबरच्या सुरुवातीला छोट्या ट्रेमध्ये टाका, १० ऑक्टोबरपर्यंत रोप तयार होईल.’

पुढच्या आठवड्यात दोडका आणि कारलं. मांडव बांधताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा बोलायचं कोणी आणि मोबाईल धरायचा कोणी, ते पाहू.