गेम दिसतो, रंग कुठे गेले?

माळ्यावरून उतरवलेला प्लेस्टेशन २ धूळ पुसून नव्या टीव्हीला जोडला जातो. हिरवा दिवा लागतो, आवाज येतो, गेमही दिसतो, पण सगळा काळापांढरा. मशीन बिघडलं असं वाटणं साहजिक आहे. बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. चूक फक्त पिवळी पिन खोचण्यात किंवा टीव्हीच्या मेनूत झालेली असते.

लाल आणि पांढरी वायर उजव्या-डाव्या आवाजाची, त्यांचं काम सरळ. पिवळीवर मात्र अख्ख्या चित्राचा भार असतो. उजेड-अंधार आणि रंग, दोन्ही त्या एकाच तारेतून एकत्र जातात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत रंग सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून येतो आणि टीव्हीला तो पुन्हा वेगळा काढावा लागतो.

नंतर आलेल्या कंपोनंट जोडणीत ही सरमिसळ नाही. तिथे हिरव्या वायरीतून फक्त उजेड येतो, रंगाची माहिती निळ्या आणि लाल वायरीतून. जागा वाचवण्यासाठी अनेक सपाट टीव्हींमध्ये हिरव्या आणि पिवळ्यासाठी एकच भोक दिलेलं असतं. पिवळी पिन त्यात बसते. पण टीव्ही कंपोनंटवर असेल, तर तो आलेल्या लहरीला नुसता उजेड समजतो आणि रंग शोधतच नाही. खूण पक्की आहे: काळ्यापांढऱ्या चित्रात, जिथे रंग असायला हवा तिथे बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. ती जाळी म्हणजेच न उलगडलेला रंग! रिमोटवरून कंपोनंटऐवजी एव्ही निवडलं की तो परत येतो.

काही टीव्हींना हेडफोनच्या पिनेएवढं एकच एव्ही भोक असतं. त्यासाठी जोडवायर लागते, आणि तिच्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. चित्र नाही आणि स्पीकरमधून मोठा गुणगुणाट, असं झालं तर चित्र आवाजाच्या वाटेने शिरलंय. त्या टीव्हीसाठीचीच जोडवायर घ्यावी.

तेही भोक नसेल, तर एचडीएमआय कन्व्हर्टरची डबी. ती घेताना वरचं नाव नीट वाचावं: `AV2HDMI` हवी. `HDMI2AV` दिसायला तशीच असते, पण उलट दिशेने चालते. तिला यूएसबीतून ५ व्होल्टचा पुरवठाही लागतो. डबीवर `1080p` छापलेलं असलं, तरी पिवळ्या वायरीतून मुळात न आलेला बारकावा ती निर्माण करू शकत नाही.

टीव्हीला हिरवं, निळं, लाल अशी भोकं असतील, तर प्लेस्टेशन २ साठी कंपोनंट केबलच घ्यावी. अक्षरांच्या कडा लगेच स्वच्छ दिसतात. फक्त पिवळी वायर काढण्याआधी, चित्र दिसत असतानाच, मशीनच्या मेनूत `Component Video Out` समोर `Y Cb/Pb Cr/Pr` निवडून ठेवा.